वर्षश्राद्धाला वाचायला आईवर मुक्तछंद लिहायचाय. सुरुवात कुठून करू?

आडवी_गल्ली (सोमवार, रात्री ९:४०)

नमस्कार मंडळी. आईला जाऊन पुढच्या महिन्यात वर्ष होईल. वर्षश्राद्धाला घरचेच पंचवीस-तीस जण असतील. जेवणं झाल्यावर मी काहीतरी वाचावं असं दादाचं म्हणणं आहे. शाळेतल्या निबंधानंतर मी मराठीत काही लिहिलेलं नाही, आणि यमक जुळवायला बसले की सगळं आरतीसारखं होतं. म्हणून मुक्तछंदात प्रयत्न केला. आमच्याकडची अर्धी पोरं घरात मराठी आणि बाहेर हिंदी अशी वाढलेली आहेत, त्यामुळे जड शब्द चालणार नाहीत. पहिला खर्डा देते, हसू नका:

आई, तू मायेचा सागर होतीस
घराचा आधार होतीस
दिव्यासारखी जळत होतीस
आम्हाला प्रकाश देत होतीस
आता तू आकाशातला तारा झालीस
तुझ्याविना घर सुनं सुनं आहे

लिहिताना खूप रडले. पण सकाळी वाचलं तर काहीच वाटेना. असं का?

रामबागवाले (सोमवार, रात्री १०:०५)

ताई, चार ओळींत बसवा, पेपरवाले ओळीवर पैसे घेतात. आम्ही वडिलांच्या वेळी दिलं होतं ते देतो, नाव बदलून वापरा:

काळाने घातला घाला, सोडुनी गेलात आम्हांला
आठवण येते क्षणोक्षणी, पाणी येते लोचनी

खाली 'शोकाकुल' आणि सगळ्यांची नावं. फोटो मात्र अलीकडचा द्या.

सेवपोहे (सोमवार, रात्री १०:१२)

भिया, त्या पेपरात नाही देत आहेत, घरी वाचायचंय.

ताई, मुक्तछंद सगळ्यात सोपा. नियम नाही, यमक नाही, मात्रा नाही. जे सांगायचं ते सरळ गद्यात लिही आणि दर चार-पाच शब्दांनी एंटर मार. मी कॉलेजच्या गॅदरिंगला असंच केलं होतं, टाळ्या पडल्या.

जुनी वही (मंगळवार, सकाळी ६:५०)

सेवपोहे, अर्धं बरोबर आहे तुमचं. बाहेरून लादलेला नियम नाही, हे खरं. पण एंटर कुठे मारायचा तेवढं एकच हत्यार मुक्तछंदाच्या हातात उरतं. तेही डोळे मिटून वापरलं तर उरलं काय? ते पुढे बोलू.

आडवी_गल्ली, रात्री रडू आलं ते आईच्या आठवणीने. ती आठवण तुमच्या डोक्यात होती, कागदावर उतरलीच नव्हती. सकाळी तुम्ही फक्त कागद वाचलात. एक करून बघा. वरचं 'आई' झाका आणि ही कविता शेजारच्या घरी, त्यांच्या आईच्या वर्षश्राद्धाला वाचली जातेय असं समजा. एक तरी ओळ अडते का? नाही. सागर, दिवा, तारा हे सगळ्यांच्याच आयांना लावून झालंय.

तेव्हा कविता तूर्त बाजूला ठेवा आणि वहीत नुसती टिपणं काढा. आई हाताने करायची अशी पाच कामं. तिची तीन वाक्यं, तिच्याच शब्दांत, शुद्ध करू नका. आणि घरातली एक वस्तू जी वर्षभर कोणी हलवलेली नाही. 'प्रेमळ', 'कष्टाळू' असे शब्द आले की खोडा आणि त्याजागी ती नेमकं काय करायची ते लिहा.

(शिकवण्याची नोकरी संपून बरीच वर्षं झाली, पण लाल पेन सुटत नाही. राग मानू नका.)

मांडवीचा (मंगळवार, दुपारी १:३०)

बडोद्याहून हजेरी. वहीकाकूंचं पटलं. मी आजोबांवर लिहिली होती, तिची फजिती सांगतो. बासष्ट ओळी. जन्म, शिक्षण, नोकरी, कमाटीबागेतलं फिरणं, नातवंडं, सगळं घातलं. चाळिसाव्या ओळीला मागून काकांचा आवाज आला, "वाढायला घ्यायचं का?"

दुसरी चूक जास्त लागली. मी पूर्ण कविता 'तू' म्हणून लिहिली होती, कारण कवितेत 'तू' म्हणतात असं वाटलं. आजी नंतर म्हणाली, "तू त्यांना कधी अरे-तुरे केलंस?" खरंच, आम्ही 'अहो आजोबा' म्हणायचो. त्या एका शब्दाने माणूसच बदलला.

जुनी वही (मंगळवार, दुपारी ४:१५)

मांडवीचा, फार मोलाचं. जित्या माणसाला जी हाक मारली तीच कवितेत. आईला बहुतेक घरांत 'अगं', तेव्हा 'तू' चालेल. पण तिथेही निवड आहे. 'तू' म्हटलं की तुम्ही आईशी बोलता आणि पंचवीस माणसं बाजूला बसून ऐकतात. 'ती' म्हटलं की तुम्ही त्या माणसांना तिच्याबद्दल सांगता, आणि त्यांना स्वतःची आठवण जोडता येते. जेवणानंतर सगळ्यांसमोर वाचायचं असेल तर मी 'ती' घेईन.

आडवी_गल्ली (बुधवार, रात्री ११:२०)

टिपणं काढली. कामं पाचाची अकरा झाली. पण सगळ्यात जास्त लिहिलं गेलं ते पाण्याबद्दल. आमच्याकडे नळ एक दिवसाआड, पहाटे चारला येतात. आई कधीही 'पाणी आलं' म्हणायची नाही, 'नर्मदा आली' म्हणायची. तिचं माहेर मंडलेश्वर, अगदी नदीवरचं. ही दुसरी:

एक दिवसाआड पहाटे चार वाजता
नळ आधी नुसती हवा सोडायचा
मग आई उठायची आणि म्हणायची
"नर्मदा आली"
ती कधी पाणी आलं असं म्हणायची नाही
कारण तिचं माहेर मंडलेश्वरचं होतं
ती ड्रम भरायची, घागर भरायची, बादल्या भरायची
सगळ्यात शेवटी देवाचा तांब्या भरायची
आता नळ येतो
पण तिच्यासारखं कोणी उठत नाही
आई म्हणजे नर्मदाच होती
वाहत राहिली आणि आम्हाला देत राहिली

सेवपोहे (बुधवार, रात्री ११:३२)

ताई, ही एक नंबर. शेवटच्या दोन ओळी तर भारीच, त्यावर टाळ्या.

जुनी वही (गुरुवार, सकाळी ७:०५)

टाळ्या हव्यात की शांतता, ते आधी ठरवा.

ही कविता झाली आहे, आता तिच्यातलं जास्तीचं काढायचं. शेवटच्या दोन ओळी पहिल्यांदा. 'नर्मदा आली' ही हाक ऐकणाऱ्याने ऐकली, माहेर मंडलेश्वर हेही ऐकलं. आई आणि नदी त्याच्या मनात एव्हाना एकत्र आलेल्या असतात. त्यानंतर 'आई म्हणजे नर्मदाच' म्हणणं म्हणजे विनोद सांगून वर समजावणं. आणि 'वाहत राहिली, देत राहिली' या ओळीवर पुन्हा शेजारच्या घराची कसोटी लावा. 'कारण'ही काढा. दोन गोष्टी शेजारी ठेवल्या की नातं ऐकणारा जोडतो.

आता क्रियापदं. मराठीत क्रियापद वाक्याच्या शेवटी येतं, म्हणून ओळ वाक्यागणिक तोडली की प्रत्येक ओळीचं टोक सारखंच वाजतं. पहिल्या खर्ड्यात 'होतीस' होतं, इथे 'भरायची, म्हणायची, उठायची'. यमक नको म्हणून मुक्तछंद घेतलात आणि व्याकरणाने मागच्या दाराने यमक आणलं, तेही सगळ्यात कंटाळवाणं. उपाय अवघड नाही. काही ओळींतून क्रियापद गाळा: 'निळा ड्रम. दोन बादल्या.' एवढं म्हटलं तरी चित्र उभं राहतं, 'भरायची' ऐकणाराच मनात म्हणतो. आणि काळ बदला. रोजची सवय वर्तमानकाळात सांगितली, 'नळ हवा सोडतो', की ती पहाट समोर घडते. मग ती आता नाही हे 'आज' या एका शब्दाने कळतं.

राहिला एंटर. आपला अभंग आठवा, सहा-सहा-सहा आणि मग चार अक्षरं. तीन चरण चालत जातात आणि चौथा आखूड, तिथे पाय थांबतो. मुक्तछंदात अक्षरं मोजायची नाहीत, पण हा थांबा उचलता येतो. लांब ओळींमध्ये एखादी अगदी आखूड ओळ आली की वाचणारा आपोआप थांबतो, आणि जिथे तो थांबतो तिथली गोष्ट मोठी होते. म्हणून आखूड ओळ खर्च करताना चिकटपणा करा. ताडून बघायची रीत अशी की पूर्ण झालेली कविता परिच्छेदासारखी सलग लिहून वाचा. काहीच हरवलं नाही, तर ओळी उगाच तोडल्या होत्या.

रामबागवाले (गुरुवार, सकाळी १०:४०)

एवढं सगळं करायचं तर आमचंच बरं होतं. पण वाचतोय. आमच्याकडेही आई 'नर्मदा' म्हणायची. आता टँकर आला की नुसतं 'आला'.

पाइपलाइन (गुरुवार, दुपारी २:१०)

निवृत्त इंजिनियर, पाणीपुरवठ्यातला. कवितेतलं मला कळत नाही. पण माहितीसाठी: नर्मदा इंदुरात आली १९७८ मध्ये. जलूदला पंप आहेत, ते मंडलेश्वरच्या जवळच. तिथून साधारण सत्तर किलोमीटर पाणी विंध्य चढवून आणतात. म्हणजे ताईंच्या आई 'माहेरची आली' म्हणाल्या असत्या तरी शब्दशः खरं होतं.

नळ आधी हवा सोडतो कारण मधल्या दिवसात लाइन रिकामी होते. पुढून पाणी येतं ते आतली हवा ढकलत येतं. त्याला आम्ही 'नळ खोकतो' म्हणायचो.

आडवी_गल्ली (गुरुवार, रात्री १०:५५)

'नळ खोकतो' वाचून दोन मिनिटं थांबले. आईला शेवटच्या महिन्यांत खोकलाच होता. काका, तो शब्द घेतला. जलूद मंडलेश्वरजवळ, हे मला आयुष्यभर इथे राहून ठाऊक नव्हतं. तिसरी:

एक दिवसाआड. पहाटेचे चार.
नळ आधी हवा सोडतो,
खोकतो,
थांबतो.

अंधारातून आईचा आवाज:
"नर्मदा आली."
पाणी आलं, असं ती कधीच म्हणाली नाही.

मंडलेश्वरची ती.
जो घाट चढून नदी इंदुरात आली
तोच घाट चढून, लग्नाच्या बसमधून, तीही.

निळा ड्रम. दोन बादल्या. पितळी घागर.
आणि धार बारीक होत आली की
देवाचा तांब्या,
तेवढा मात्र काठोकाठ.

आज चार वाजता नळ खोकला.
मी जागी होते.
काय म्हणायचं ते मला माहीत होतं.

पाणी
उंबऱ्यापर्यंत आलं.

मांडवीचा (गुरुवार, रात्री ११:१०)

मी ऑफिसच्या गेस्टहाउसमध्ये बसून हे वाचलं आणि दिवा बंद करून बसलो.

पाइपलाइन (शुक्रवार, सकाळी ८:२०)

फार छान. पण एक चूक. 'तोच घाट' नाही. पाइपलाइन वांचू पॉइंटवरून येते, बसचा रस्ता वेगळा. दोघी चढल्या विंध्यच, पण वेगवेगळ्या जागी.

सेवपोहे (शुक्रवार, सकाळी ८:३५)

काका, कविता आहे, टेंडर नाही. कोण मोजायला जाणार?

जुनी वही (शुक्रवार, सकाळी ९:००)

मोजायला जाणारा जेवायला आलेला असतो नेमका. एखादा मामा उठून म्हणेल, "तो घाट नव्हे गं," आणि सगळी खोली रस्त्यावर बोलायला लागेल. 'घाट'ऐवजी 'विंध्य' करा. खरंही होईल आणि अर्थ वाढेलही. 'जो विंध्य चढून नदी इंदुरात आली, तोच चढून, लग्नाच्या बसमधून, तीही.'

बाकी खोकल्याचं जे केलंत ते शिकवून येत नाही. आईच्या आजाराचा एक शब्द नाही, पण ज्यांनी तो खोकला ऐकलाय त्यांना 'खोकतो' पाशी कळेलच, आणि ज्यांनी ऐकला नाही त्यांच्यासाठी तो नुसता नळ राहील. ती जागा आहे तशी ठेवा, त्यावर काही बोलू नका. 'खोकतो' आणि 'थांबतो' या आखूड ओळी योग्य जागी पडल्यात. 'काय म्हणायचं ते मला माहीत होतं' यानंतर तुम्ही ते म्हणत नाही, हेही योग्य.

एकच शंका. पाणी खरंच उंबऱ्यापर्यंत आलं होतं?

आडवी_गल्ली (शुक्रवार, दुपारी १२:४५)

खरं सांगू? मोरीच्या काठापर्यंतच. मी नळ बंद केला होता. पण उंबरा जास्त बरा वाटला.

जुनी वही (शुक्रवार, दुपारी ३:३०)

मग मी मोरी ठेवेन. 'उंबरा' आला की मराठी कवितेत लगेच माप ओलांडणं, सासर, निरोप असं सगळं धावत येतं. सुंदर शब्द आहे आणि म्हणूनच वापरून वापरून गुळगुळीत झालाय. मोरी कुणी कवितेत आणत नाही. तुमच्या आईचं सगळं पाणी तिथेच तर होतं.

मांडवीचा (शुक्रवार, दुपारी ३:५०)

वहीकाकू, इथे मी तुमच्याशी असहमत. याच कवितेत ती लग्नाच्या बसमधून आली आहे. मग उंबरा आपोआप तिच्या गृहप्रवेशाला जोडला जातो आणि शेवट वर्तुळ पूर्ण करतो. मोरी म्हटली की माझ्या डोळ्यांसमोर भांडी येतात. आणि घाट खरा असावा म्हणून पाणीही खरं असावं, असं नाही. घाट हजार लोकांना ठाऊक आहे, उंबऱ्यापर्यंतचं पाणी फक्त ताईंना.

जुनी वही (शुक्रवार, दुपारी ४:०५)

वर्तुळ पूर्ण झालं, याचीच मला भीती वाटते. पण तुमचा मुद्दा हलका नाही. ताईंनी दोन्ही मोठ्याने वाचून ठरवावं.

रामबागवाले (शनिवार, सकाळी ११:१५)

दादा काय म्हणाले ते सांगा. आमच्या घरी एवढं लिहिलं असतं तर थोरल्यांनी 'आईचं नावच नाही यात' म्हणून परत पाठवलं असतं.

आडवी_गल्ली (शनिवार, रात्री ९:३०)

अगदी तेच झालं! दादा म्हणतो नाव हवं आणि शेवटचे दोन महिने तिने किती सोसलं तेही हवं, नाहीतर ती नुसती पाणी भरायची असं वाटेल. वहिनी म्हणाली यातच सगळं आलं. त्या दोघांचं अजून चालू आहे.

मोठ्याने वाचली. घड्याळ लावून सव्वा मिनिट. दोनदा वाचली आणि दोन्ही वेळा 'तेवढा मात्र काठोकाठ' पाशी गळा दाटला, पुढे जाता येईना. शेवटापाशी काहीच झालं नाही, गंमत आहे.

जुनी वही (रविवार, सकाळी ६:४०)

गळा कुठे दाटतो ते आधी कळलं हे बरं झालं. त्या ओळीखाली पेन्सिलीने रेघ मारा. पुढे कडवं संपतंच आहे, तिथे दोन श्वास थांबा, पाणी प्या, लोकांना ती शांतता कवितेतलीच वाटते. आणि दुसरी प्रत वहिनींच्या हातात द्या. थांबलात तर 'आज चार वाजता' पासून त्या वाचतील. मोठ्या अक्षरांत छापा, कडव्यांमधली रिकामी जागा तशीच ठेवा. एका पानात बसवायला म्हणून ओळी जोडू नका. पोरांपैकी कुणाला 'तांब्या' अडेल असं वाटलं तर 'लोटा' करू नका, आदल्या दिवशी तांब्या दाखवा.

दादांचं म्हणाल तर नाव कवितेच्या वर शीर्षकाखाली येऊ शकतं, 'अमुक हिच्या आठवणीत' असं. सोसण्याबद्दल मी काही बोलणार नाही. तुम्ही दोघांनी ते पाहिलंय, मी नाही.

सेवपोहे (रविवार, सकाळी ९:२०)

काल गॅदरिंगची ती जुनी कविता काढून सलग लिहून पाहिली. काहीच हरवलं नाही. 😐

आडवी_गल्ली (रविवार, रात्री १०:१०)

पेन्सिलीची रेघ मारली. नाव वर घातलं, दादा तेवढ्यावर निम्मा शांत झाला. विंध्य केलं. पाइपलाइनकाका, मंडलेश्वरच्या मामांनी ऐकून मान डोलावली, रस्त्यावर बोलले नाहीत.

मोरी की उंबरा ते अजून ठरत नाहीये. दोन प्रती छापल्यात, एकात मोरी, एकात उंबरा. उद्या नळाचा दिवस आहे, पहाटे उठून दोन्ही वाचून बघते.